चहावर वाद आणि मशेरीवर मौन

कुडाळ तालुक्यातल्या एका गावात गरोदर बायांचा मेळावा झाला. फळ्यावर एकाखाली एक तीन ओळी लिहिल्या होत्या: दारू टाळा, चहा-कॉफी टाळा, तंबाखू टाळा. पुढचा तासभर गावाने चर्चा केली ती चहाची. चहा सोडायचा म्हणजे सकाळी उठायचं तरी कशाला, असा एक पक्ष. डॉक्टर सांगतात तर ऐका, असा दुसरा. दारूचा विषय निघाल्यावर सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, की आमच्यात बाया पीत नाहीत, ते मुंबईतल्या मुलींना सांगा. तंबाखूच्या ओळीवर कोणी बोललंच नाही. बसलेल्यांपैकी कितीतरी जणींच्या कनवटीला मशेरीची डबी होती, पण ती ओळ आपल्यासाठी आहे असं त्यातल्या एकीलाही वाटलं नाही. आपण तंबाखू कुठे खातो, आपण तर दात घासतो.

माझं म्हणणं असं, की ही तीन ओळींची यादीच वाद बिघडवते. तिन्ही गोष्टी गर्भापर्यंत पोचतात हे खरं, पण तिघींचा धोका एका मापाचा नाही. कोकणातल्या गरोदरपणात आणि बाळंतपणात सगळ्यात जास्त बोलायला हवं ते मशेरीवर, आणि आपण सगळ्यात कमी बोलतो तेही मशेरीवरच. चहाची जी भीती घातली जाते ती बरीचशी अस्थानी आहे. दारूबद्दलचा नियम बरोबर आहे, पण तो सांगताना बाळंतिणीच्या खोलीतली ब्रँडीची बाटली कोणाला दिसत नाही.

आधी चहाचा निकाल लावू. 2024 सालच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारसूत्रांनुसार एका वेळच्या चहात साधारण 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन असतं. गरोदर बाईने दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत राहावं, असा सल्ला ब्रिटन-अमेरिकेतले प्रसूतितज्ज्ञ देतात. जागतिक आरोग्य संघटना 300 च्या वर जाणाऱ्यांना कमी करायला सांगते. आपल्याकडची बाई दिवसाला चार-पाच वेळा अर्धा अर्धा कप घेते. एकूण अडीच कप धरले तरी ती दोनशेच्या आतच राहते. विरुद्ध बाजूचा मुद्दा मला मान्य आहे. गरोदरपणात कॅफिन शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. एरवी पाचेक तासांत निम्मं होणारं कॅफिन शेवटच्या तिमाहीत निम्मं व्हायला पंधराएक तास घेतं, आणि गर्भाला ते स्वतःहून पचवता येत नाही. त्यामुळे सुरक्षित अशी मर्यादाच नाही, असं म्हणणारे संशोधकही आहेत. म्हणून सहावा-सातवा कप नको म्हणा, कॉफीवर जास्त लक्ष ठेवा. पण आपल्या बाईच्या बाबतीत चहाचं खरं नुकसान कॅफिनपेक्षा लोहाचं आहे. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर चहातलं टॅनिन त्या लोहाला अंगी लागू देत नाही. जेवणाच्या आणि गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको, एवढं सांगितलं तरी फळ्यावरच्या ओळीपेक्षा जास्त उपयोग होईल.

आता मशेरी. ती कशी होते ते कोकणात वेगळं सांगायला नको, पण वादात ते विसरलं जातं म्हणून सांगतो. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. सकाळी बोटावर घेऊन दाता-हिरड्यांवर फिरवायची आणि तशीच तोंडात ठेवून चूल पेटवायची, पाणी भरायचं. मग दुपारी जेवल्यावर, संध्याकाळी, निजताना पुन्हा. भाजल्याने तंबाखूचा रंग आणि वास बदलतो, निकोटिन मात्र उरतंच, शिवाय करपण्यातून येणारी घातक रसायनं वाढतात. हिरडी आणि गालाच्या आतलं नाजूक अस्तर हे निकोटिन थेट रक्तात ओढून घेतं. थुंकून टाकलं म्हणजे गेलं, अशी समजूत असते. पण थुंकायच्या आधीची ती पंधरा-वीस मिनिटंच कामाची असतात. रक्तातलं निकोटिन वार ओलांडून गर्भाकडे जातं, आणि गर्भाच्या बाजूला त्याचं प्रमाण आईच्या रक्ताहून थोडं जास्तच आढळतं. ते रक्तवाहिन्या आकसवतं. ज्या फुप्फुसांची आणि मेंदूची घडण चालू असते, तिथल्या पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या ग्राहकांनाही ते अवेळी चेतवतं.

हे तर्काने झालं. प्रत्यक्ष पुरावा काय? तो आपल्याच माणसांचा आहे. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतल्या वस्त्यांमध्ये घरोघर जाऊन तीन ते सात महिन्यांच्या 1217 गरोदर बाया शोधल्या, त्यांना काय सवय आहे ते विचारलं आणि बाळंतपणापर्यंत पाठपुरावा केला. 2004 साली तो अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यातल्या सुमारे 17 टक्के बाया बिनधुराचा तंबाखू वापरत होत्या, आणि त्यांत मशेरी लावणाऱ्याच जास्त. त्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनी हलकी भरली आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली. सदतीस आठवड्यांआधी बाळंत होण्याची शक्यता सुमारे 1.4 पट निघाली. याच बायांच्या नोंदींवरून दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या लेखात मृत बाळ जन्मण्याचा धोका अडीचपटीहून जास्त दिसला. मुंबईच्या या वस्त्यांत चाकरमान्यांची किती घरं असतात हे कोकणातल्या वाचकाला मी काय सांगू!

यावर पहिला आक्षेप येतो तो एकशे पाच ग्रॅमवर. एवढं तर काय, एक वाटीभर दुधाइतकंही नाही. आक्षेप रास्त वाटतो, कारण सरासरी फसवते. कागदावर मांडून पाहू. समजा, एखाद्या भागात बाळांचं सरासरी वजन 2800 ग्रॅम आहे आणि बहुतेकांची वजनं त्याच्या आगेमागे चारशे ग्रॅममध्ये पसरलेली आहेत. अडीच किलोखालचं बाळ आपण कमी वजनाचं मानतो. या हिशोबाने शंभरातली तेवीसेक बाळं अडीच किलोखाली येतात. आता सगळा पसारा एकशे पाच ग्रॅमनी खाली सरकवा. शंभरातली एकतीस बाळं रेषेखाली जातात. साडेतीन किलोच्या बाळाला शंभर ग्रॅमचा फरक जाणवणारही नाही, पण रेषेच्या जरा वर असलेली आठ बाळं खाली ढकलली गेली. अशा बाळांना अंगात ऊब टिकवणं, नीट ओढून दूध पिणं, जंतुसंसर्गाला तोंड देणं, सगळंच जड जातं. हा माझा मांडलेला हिशोब आहे, पण मुंबईच्या अभ्यासातही कमी वजनाचा धोका दीडपटीहून थोडा वरच भरला होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मशेरी लावणारी बाई बहुधा गरीब असते, तिच्या अंगात रक्त कमी असतं, शिक्षण कमी, तपासणीला उशिरा जाणारी. मग बाळ हलकं झालं ते मशेरीने की गरिबीने? हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि संशोधकांनी तो स्वतःला विचारला होता. वय, शिक्षण, आर्थिक स्थिती, वजन, रक्तक्षय आणि गरोदरपणातली तपासणी, या सगळ्यांचा प्रभाव वजा केल्यानंतर उरलेला फरक म्हणजे ते 105 ग्रॅम. तरीही कोणी म्हणेल, की गरिबी आकड्यांतून पूर्ण वजा होत नाही. कबूल. म्हणून स्वीडनकडे पाहावं. तिथल्या काही बाया स्नूस नावाचा तंबाखू वापरतात. तो ओठाखाली ठेवतात, भाजत नाहीत आणि त्याला धूरही नसतो. तिथे आपल्यासारखी गरिबी नाही, रक्तक्षय नाही, दवाखाना लांब नाही. देशभरातल्या जन्मनोंदींवरून काढलेल्या निष्कर्षांत तिथेही मुदतपूर्व बाळंतपण आणि मृतजन्म स्नूस वापरणाऱ्यांत जास्तच दिसले. गरिबी काढून घेतली, धूर काढून घेतला, तरी धोका मागे राहिला. मग तो कशाचा म्हणायचा?

इथे एक गोष्ट मशेरीच्या बाजूने बोलावी लागेल. विडी-सिगारेटपेक्षा ती एका बाबतीत बरी आहे. धूर नसल्याने कार्बन मोनॉक्साइड रक्तात जात नाही, आणि सिगारेट ओढणाऱ्या आयांच्या बाळांच्या वजनात पडणारी घट साधारण दोनशे ग्रॅमची, म्हणजे मशेरीच्या दुप्पट असते. पण घरात मशेरी भाजली जाते तेव्हा धूर असतोच. अनेक घरांत सून स्वतः लावत नाही, सासूसाठी भाजते. तिचं पोट दिसायला लागलं तरी ते काम तिच्याकडेच राहतं, कारण भाजणं म्हणजे खाणं नव्हे. तव्यावरून उठणारा तंबाखूचा तो धूर कोणाच्या नाकात जातो याचा हिशोब कोणी ठेवत नाही.

तिसरा आक्षेप आकड्यांचा नाही, अनुभवाचा आहे, आणि तो सगळ्यात जोरात मांडला जातो. "आमच्या आयेक सात पोरां झाली, मशेरी कधी सुटली नाय. खंय काय झाला?" याला हसण्यावारी नेऊ नये. पण सात झाली म्हणताना त्याआधीची किंवा मधली जी राहिली नाहीत, त्यांची मोजणी कोणी केली होती? अपुऱ्या दिवसांचं गेलं, जन्मतःच निपचित होतं, सटवीने नेलं, असं म्हणून घराने ती दुःखं गिळली. ज्यांना काही झालं ती पुरावा द्यायला उरत नाहीत आणि उरतात ते सगळे काही न झालेले असतात.

हीच चूक शिकलेल्या डॉक्टरांनीही केली आहे, तीही दारूच्या बाबतीत. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अकाली कळा थांबवायला गरोदर बाईला शिरेतून अल्कोहोल देत असत आणि तो उपचार पुढे कित्येक वर्षं चालला. त्या काळी गर्भ सुरक्षित आहे, वार गाळून घेते, असा विश्वास होता. 1961 मध्ये थॅलिडोमाइडने हातपाय नसलेली बाळं जगासमोर आणली, तेव्हा त्या विश्वासाला पहिला मोठा तडा गेला. तरीही दारूकडे बोट वळायला वेळ लागला. फ्रान्समध्ये लेमोइन यांनी 1968 साली दारू पिणाऱ्या आयांच्या मुलांमध्ये एकसारखी लक्षणं असल्याचं लिहिलं, पण फारसं कोणी ऐकलं नाही. 1973 मध्ये सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ यांनी काही मुलांना एकत्र पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यातलं, वाढीतलं, बुद्धीतलं साम्य नोंदवलं, तेव्हा गर्भावरच्या दारूच्या परिणामाला वैद्यकाने नाव दिलं. दारू त्याआधीही हजारो वर्षं होतीच. मुलंही होती. एकेका घरात एकेक मूल वेगळं बसलेलं होतं, म्हणून दिसलं नाही. मशेरीच्या बाळाचा तर चेहराही वेगळा नसतो, ते फक्त हलकं आणि आठवडाभर लवकर येतं. एका घरात ते कधीच दिसणार नाही, बाराशे घरांतच दिसतं.

कोणी म्हणेल, डॉक्टर एकदा चुकले तर आताही चुकत असतील. असू शकेल. पण चूक ज्या बाजूला झाली ती पाहा. जी गोष्ट निरुपद्रवी मानली होती तीच घातक निघाली. त्या अनुभवातून शिकायचं तर मशेरीला संशयाचा फायदा कसा देणार? केंद्र सरकारने 1992 साली दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. म्हणजे बाजारातल्या मंजनातला तंबाखू गुन्हा ठरला, आणि घरच्या तव्यावरचा संस्कार म्हणून राहिला. परंपरेचं म्हणावं तर तंबाखू या किनाऱ्यावर आला तोच पोर्तुगिजांबरोबर. आंब्याफणसाइतका तो आपला नाही.

बाळंतपणानंतर वाद आणखी उलटसुलट होतो. निकोटिन दुधात उतरतं, आणि आईच्या रक्तात असतं त्याच्या जवळजवळ तिप्पट प्रमाणात दुधात साठतं. सिगारेट ओढणाऱ्या आयांवरच्या एका प्रयोगात, ओढल्यानंतरच्या काही तासांत अंगावर पिणारी बाळं बरीच कमी झोपली. आणि मशेरीतही तेच निकोटिन आहे. हे ऐकून काही जणी मशेरी सोडण्याऐवजी दूध तोडायला निघतात, आणि हे सगळ्यात वाईट. आईचं दूध थांबवू नये, असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात. ज्या बाईला एकदम सोडणं जमत नाही तिने निदान बाळाला पाजल्यावर लावावी, पाजायच्या आधी नाही. दुधातलं निकोटिन दीड-दोन तासांत निम्मं होतं, त्यामुळे पुढच्या पाजणीपर्यंत अंतर मिळतं. लावल्यावर बोटं धुतल्याशिवाय बाळाला, त्याच्या दुपट्याला हात लावू नये.

आणि आता ती ब्रँडी. दारू आमच्यात नाही म्हणणाऱ्या घरांतसुद्धा बाळंतिणीला अंग शेकायला, दूध यायला म्हणून चमचा-दोन चमचे, कधी छोटा पेला दिला जातो. किनाऱ्यावर काही ठिकाणी काजूची फेणी. दूध वाढतं हा समज तपासला गेला आहे. 1991 मध्ये मेनेला आणि बोशाँ यांनी अंगावर पाजणाऱ्या आयांना थोडी दारू देऊन बाळं किती पितात ते मोजलं. दारूनंतरच्या काही तासांत बाळांनी कमी दूध प्यायलं. दारू दूध सोडणारं संप्रेरक दाबते, स्तन भरलेला वाटतो आणि घरातल्या बायांना वाटतं की दूध वाढलं. 42 टक्क्यांच्या फेणीचे 30 मिलिलिटर म्हणजे जवळपास 10 ग्रॅम अल्कोहोल. रक्तात असेल तोवर ते दुधातही तेवढंच असतं, आणि दूध काढून टाकल्याने ते लवकर जात नाही. ते अंगातून निघायला दोनेक तास लागतात. गरोदरपणात मात्र किती चालेल हे विचारायचंच नाही, कारण सुरक्षित असं प्रमाण कोणी दाखवून दिलेलं नाही. आणि बाळाच्या छातीला किंवा जिभेला ब्रँडी लावणं हा तर विषयच संपवायला हवा.

मग मशेरी सोडा एवढंच सांगून भागेल का? नाही भागणार, कारण बाई ती का लावते हे आपण विचारलेलंच नाही. गरोदरपणात मळमळ होते, मशेरीने तोंडाची चव जाते. पोट साफ होत नाही, मशेरी लावली की कळ येते. हिरड्या सुजतात, रक्त येतं, मशेरीने बधिर होतात. म्हणजे गरोदरपण स्वतःच मशेरीची मागणी वाढवतं. शिवाय या काळात शरीर निकोटिन जास्त वेगाने फोडतं, त्यामुळे तलफही लवकर येते. चारदा लावणारी बाई सहादा लावायला लागते ती यामुळे, वाईट चालीमुळे नाही. सोडल्यावर पहिले तीन दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट अडतं, आणि ती म्हणते, बाळाला त्रास होतोय, लावते थोडी. या त्रासाची मुदत दोन-चार आठवड्यांची असते हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. गरम पाणी, भाज्या, गरज लागली तर डॉक्टरांना विचारून इसबगोल. हिरड्यांसाठी मऊ ब्रश आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. निकोटिनचं च्युइंगम दुकानातून आणून स्वतःच्या मनाने सुरू करू नये, ते डॉक्टरांशी बोलूनच. 1800-11-2356 या तंबाखूमुक्तीच्या दूरध्वनीवर फुकट सल्ला मिळतो. आणि लवकर सोडण्यात अर्थ आहे. स्वीडनमध्ये गरोदरपणाच्या सुरुवातीलाच स्नूस सोडणाऱ्या बायांचा मुदतपूर्व बाळंतपणाचा धोका न वापरणाऱ्यांच्या जवळपास आला होता.

उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी, आशाताईंनी विचारायचा प्रश्नही बदलला पाहिजे. "तंबाखू खाता का?" याला खरं उत्तर "नाही" येतं. "दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा? घरात मशेरी कोण भाजतं?" असे तीन प्रश्न विचारले तर वहीत खरी नोंद पडेल. आणि ते पहिल्याच भेटीत विचारावेत. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी येते, तिथे तिची आई स्वतः मशेरी लावते, बाळंतपणात पोट साफ राहावं म्हणून लेकीच्या हातावर प्रेमाने चिमूटभर ठेवते, आणि सासरी महिनाभर पाळलेलं सगळं आठवडाभरात जातं. म्हणून मुलीबरोबर तिच्या आईलाही उपकेंद्रात बोलवावं, आणि ओटी भरायला जमलेल्या बायांमध्ये ज्या सगळ्यांत वडीलधाऱ्या असतील त्यांच्याशी आशाताईंनी आधी बोलावं, कारण डबी उघडणारा हात बहुतेक वेळा त्यांचा असतो.